कोहळ्याच्या बिया: आधी ऊन, मग इस्तो

कोहळ्याच्या भाजलेल्या बियांबद्दल नेहमी एकच तक्रार ऐकू येते: टरफल करपते आणि आतला गर चिवटच राहतो. तक्रार करणारा कढईला दोष देतो, नाहीतर गॅसला, आणि पुढच्या वेळी आच आणखी वाढवतो. माझ्या मते या बियांचे बरेवाईट कढईत पडण्याच्या आदल्या दिवशीच ठरून गेलेले असते. बी किती ओली होती, मीठ तिच्यात कधी आणि कसे शिरले आणि ती खरोखर वाळली होती की वरवर कोरडी दिसत होती, या गोष्टी आधी नीट झाल्या असतील तर भाजणे हे पंधरा मिनिटांचे सोपे काम उरते.

कोहळे म्हणजे आमचे विदर्भातले, पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. गावच्या भंडाऱ्यात आणि लग्नाच्या पंगतीत त्याची भाजी ठरलेली असते, आणि घरी बोंडे तळायला ते लागतेच. अख्खे कोहळे बाईने फोडू नये असा समज आमच्याकडे अजून आहे, त्यामुळे पहिला घाव घालायला घरातल्या एखाद्या पुरुषाला बोलावतात. त्याने एक घाव घातला की त्याचे काम संपते आणि पुढच्या फोडी, साली, बिया आणि तो सगळा चिकट पसारा बायकांच्या वाट्याला येतो. भंडाऱ्याच्या दिवशी पंधरा-वीस कोहळी फुटतात आणि मंदिरामागे बियांचा ढीग पडतो. बहुतेक ठिकाणी तो गुरांपुढे जातो. आमच्या मोठीआईला ते कधीच पटले नाही. ती घमेले घेऊन जाते आणि भरून आणते.

ढिगातली प्रत्येक बी भाजण्याच्या लायकीची नसते. वेलावरून नुकत्याच तोडलेल्या कोवळ्या कोहळ्याची बी रुंद दिसते, पण आत गर भरलेला नसतो. पूर्ण पिकलेले आणि तोडल्यावर काही आठवडे घरात ठेवलेले कोहळे असेल तर बी भरदार मिळते, कारण फळ वेलापासून सुटल्यावरही काही काळ बीमध्ये गर भरत राहतो. उलट फार दिवस ठेवलेल्या कोहळ्यात कधीकधी बियांना आतच मोड फुटलेले दिसतात. तशा बिया वेचून टाकाव्यात. आणि भाजी कडू लागली असेल, तर त्या कोहळ्याच्या बियाही भाजीसोबत फेकून द्याव्यात. कोहळे, दुधी, काकडी यांच्या कडवटपणामागे जे द्रव्य असते ते शिजवूनही जात नाही आणि पोटाला घातक ठरू शकते.

आता अर्धा किलो ओल्या बियांचा एक घाणा सुरुवातीपासून पाहू. अर्धा किलो हे वजन धागे काढून, धुऊन, निथळलेल्या बियांचे आहे. बियांना चिकटलेला गर कोरडाच ओरबाडायला गेले तर तो निघत नाही आणि हात बुळबुळीत होतात. त्यापेक्षा बिया साध्या पाण्यात तासभर भिजू द्याव्यात आणि मग दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन चोळाव्यात. धागे सुटून खाली बसतात आणि बिया वर तरंगतात. तरंगते ती फोल, असा नियम इथे लावू नये, कारण ताज्या कोहळ्याची चांगली बीसुद्धा तरंगते. फोल बिया नंतर, वाळल्यावर, सुपात पाखडताना आपोआप वेगळ्या होतात. या धुण्यात आळस करू नये. बियांवर उरलेला गर गोडसर असतो, आणि कढईत बीच्याही आधी तोच जळतो.

पुढचे काम मिठाचे. भाजून झाल्यावर वरून मीठ भुरभुरले तर ते कोरड्या, गुळगुळीत टरफलावर टिकत नाही. बी खाताना अळणी लागते आणि ताटाच्या बुडाशी मीठ उरते. तेलाचा हात लावून मीठ चिकटवता येते, पण तेल लावलेली बी लवकर खवट होते. म्हणून मीठ पाण्यातूनच द्यावे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट भरलेले आठ-नऊ चमचे, विरघळवावे. हे पाणी जिभेला समुद्राच्या पाण्याहूनही थोडे खारट लागते आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा हात इथे आखडतो. पण यातले बरेचसे मीठ पाण्याबरोबर फेकले जाणार असते. त्यात बिया घालून उकळी आणावी, मग मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्यावे आणि गंज खाली उतरवून बिया त्याच पाण्यात निवू द्याव्यात. उकळल्याने टरफल मऊ पडते आणि खारे पाणी त्यातून आत झिरपते, आणि निवताना हे झिरपणे चालूच राहते. रात्री उकळून ठेवले तर सकाळी काम तयार असते.

न उकळता नुसत्या खाऱ्या पाण्यात रात्रभर भिजवण्याची पद्धतही आहे, आणि थंडीच्या दिवसांत ती चालून जाते. पण आमच्याकडे चैत्र-वैशाखात, जेव्हा रात्रीही घराच्या भिंती तापलेल्या असतात, तेव्हा भिजत घातलेल्या बियांचे पाणी सकाळपर्यंत फेसाळते आणि त्याला आंबूस वास सुटतो. तो वास भाजल्यावरही जात नाही. म्हणून उन्हाळ्यात उकळणेच बरे. पाणी काढून टाकल्यावर बिया पुन्हा साध्या पाण्याने धुऊ नयेत. एवढ्या वेळात टरफलावर जे मीठ बसले ते त्यात वाहून जाते. चाळणीत अर्धा तास निथळल्या की त्या वाळवायला घ्याव्यात.

माझ्या मते वाळवण हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि घाई होते तीही इथेच. निथळलेली बी हाताला कोरडी लागते, कारण तिचे टरफल वरून लवकर सुकते. गरात मात्र पाणी तसेच असते. अशी बी कढईत टाकली म्हणजे काय होते ते समजून घ्यावे. आत पाणी आहे तोवर गराचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही, कारण येणारी सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. भाजल्याचा जो खमंग वास आणि सोनेरी रंग आपल्याला हवा असतो, तो येण्यासाठी साधारण १४० अंशांच्या आसपास जावे लागते. लोखंडाला टेकलेले टरफल तेवढे तापते, किंबहुना त्याच्याही पुढे जाते, आणि आतला गर तोवर नुसता उकडत असतो. वरून करपलेली आणि आतून चिवट बी अशीच तयार होते. आच वाढवल्याने टरफल आणि गर यांच्यातले हे अंतर आणखी वाढते.

या बाबतीत विदर्भाच्या उन्हाळ्याला तोड नाही, हे थोडे अभिमानाने आणि थोडे कपाळाचा घाम पुसत सांगते. पारा ४५ अंशांच्या घरात आणि हवा पार कोरडी, अशा दुपारी सुती धोतराच्या फडक्यावर एकेरी पसरलेल्या बिया एका दिवसात वाळतात. दोनदा हलवाव्या लागतात एवढेच. कागदावर पसरू नयेत, कारण ओली बी कागदाला चिकटते आणि काढताना कागदाचे तुकडे सोबत घेऊन येते. दिवाळीनंतरच्या उन्हात दोन ते तीन दिवस लागतात, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत फडके गुंडाळून घरात आणावे लागते.

वाळल्याची खूण मोठीआई बोटांनी पाहते. बी दोन्ही टोकांना धरून वाकवायची. वाकली तर ओली. कट्ट आवाज करून मोडली तर वाळली. दुसरी खूण अशी, की वाळलेल्या बीवरचा पारदर्शक पापुद्रा नखाने सहज सुटतो. ज्यांच्याकडे छोटा वजनकाटा आहे त्यांनी दोन तासांच्या अंतराने वजन करून पाहावे. वजन घटायचे थांबले की बी वाळली. आपल्या अर्धा किलोच्या घाण्याचे या वेळी निम्म्याच्या थोडे वरखाली वजन भरते, म्हणजे जवळजवळ पाव किलो पाणी उन्हाने आधीच काढून टाकलेले असते. तेवढे पाणी कढईत उडवायचे ठरवले असते तर किती जळण आणि किती करपलेली टरफले लागली असती, याचा अंदाज यावरून येतो.

आता चूल. आमच्याकडे जळण बहुतेक पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी भडकन पेटते, मोठा जाळ देते आणि पाहता पाहता विझते. भाकरीसाठी हा जाळ चालतो, बियांसाठी चालत नाही. म्हणून आधी स्वयंपाक आटोपायचा, जाळ ओसरून निखारे होऊ द्यायचे आणि मग जाड बुडाची लोखंडी कढई ठेवायची. कढईखाली एखादी काडी पुन्हा पेटली की मोठीआई ओरडते, "इस्तो मांगं ओढ! कायले घाई करतं वं? बिया पयून चालल्या काय?" इस्तो म्हणजे विस्तव; गॅसवर करताना हेच मागे ओढणे म्हणजे सर्वांत बारीक आच.

कढईत एका वेळी दोन वाट्यांहून जास्त बिया घेऊ नयेत. बी मध्ये फुगीर आणि काठाला पातळ असते, त्यामुळे तव्याला टेकून राहिली की तिचा काठ आधी तपकिरी होतो. सराट्याने सतत खालीवर करत राहिले तरच आच सगळीकडे सारखी लागते. पहिली चार-पाच मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते; नुसता ओलसर, सुतासारखा वास येतो. मग एखादी बी तडकते. टरफलात अडकलेली उरलीसुरली वाफ बाहेर पडल्याचा तो आवाज असतो. थोड्या वेळाने तडतड वाढते, बिया किंचित फुगतात आणि पांढऱ्या टरफलावर साईचा रंग चढतो. पहिल्याच मिनिटाला जोरात तडतड सुरू झाली, तर बिया ओल्या आहेत किंवा कढई फार तापली आहे असे समजावे आणि कढई लगेच उतरवावी.

दहाव्या मिनिटानंतर वास बदलतो आणि शेंगदाणे भाजताना येतो तसा गोडसर खमंगपणा त्यात येतो. इथून पुढे डोळ्यांवर विसंबू नये, कारण टरफलाचा रंग आतली खबर देत नाही. एक बी काढून फोडावी. गरावरचा हिरवट पापुद्रा हिरवाच असावा आणि आतला गर पांढऱ्याचा फिकट पिवळसर झालेला असावा. एवढे दिसले की थांबावे. गर तपकिरी दिसला तर उशीर झाला. बियांच्या गरात जवळजवळ निम्मे तेल असते, ते जळले की कडवट चव येते आणि तिच्यावर उपाय नाही. बारा ते पंधरा मिनिटांत हे सगळे होते. बिया त्याच क्षणी परातीत ओतून पसराव्यात, कारण गरम लोखंड खाली उतरवल्यावरही भाजत राहते.

कुरकुरीतपणा मात्र गरम असताना पारखू नये. कढईतून काढलेली बी दाताखाली जरा मऊच लागते, आणि नवखा माणूस ती कच्ची समजून पुन्हा कढईत टाकतो. दहा मिनिटे निवू द्यावी, मग चावावी. निवताना उरलेली वाफ निघून जाते आणि टरफल ताठ होते. निवूनही चिवट लागली तर पुन्हा मंद आचेवर चार-पाच मिनिटे फिरवून घेता येते. चिवटपणा दुरुस्त होतो, करपणे होत नाही. म्हणून थांबण्याची चूक नेहमी अलीकडे करावी, पलीकडे नाही.

ज्यांना सतत हलवत बसायचे नाही त्यांच्यासाठी जुना उपाय खापराचा आहे. भडभुंजे गरम रेतीत फुटाणे फोडतात, त्याच तत्त्वावर घरी खापरात किंवा कढईत दोन वाट्या जाडे मीठ चांगले तापवावे आणि त्यात एक वाटी बिया घालाव्यात. तव्याला बी एखाद्या-दुसऱ्या बिंदूत टेकते, पण तापलेले मीठ तिला चहूबाजूंनी वेढते, त्यामुळे काठ करपण्याआधी मधला फुगीर भागही भाजून निघतो. सात-आठ मिनिटांत काम होते आणि चाळणीने मीठ वेगळे करून पुढच्या वेळी वापरता येते. या मिठाने बी खारट होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. कोरड्या बीला कोरडे मीठ चिकटत नाही. इथे त्याचा उपयोग फक्त रेतीसारखा आहे.

ओव्हन आता तालुक्याच्या गावांतल्या बऱ्याच घरांत दिसतो, आणि वीज टिकली तर या कामासाठी तो चांगला आहे. १५० अंशांवर, ट्रेमध्ये एकेरी पसरलेल्या वाळलेल्या बियांना वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. मध्ये एकदा ट्रे काढून बिया हलवाव्यात, कारण घरगुती ओव्हनमध्ये मागची बाजू बहुधा जास्त तापते. १८० अंशांवर काम निम्म्या वेळात होते, पण बरोबर भाजलेली बी आणि करपलेली बी यांच्यात दोन-तीन मिनिटांचेच अंतर उरते. ओव्हनचा खरा फायदा मला पावसाळ्यात वाटतो. ऊन नसताना त्याच ट्रेमध्ये १०० अंशांवर पाऊण ते एक तास ठेवून बिया वाळवता येतात, वाकवून मोडण्याची परीक्षा घेता येते आणि मग आच वाढवून भाजता येतात. वाळवण आणि भाजणे हे दोन टप्पे तिथेही वेगळेच ठेवावे लागतात.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर मिठाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतः ओलसर होते. जुलैत मिठाची बरणी पाझरते ती यामुळेच. खाऱ्या पाण्यातल्या बियांच्या टरफलावर हेच मीठ असते. त्यामुळे मे महिन्यात उघड्या वाटीत आठवडाभर कुरकुरीत राहणारी खारी बी श्रावणात एका रात्रीत सादळते, आणि बिनमिठाची बी तिच्यामानाने जास्त टिकते. आमच्या घरी म्हणून दोन बरण्या असतात. उन्हाळ्यातल्या खाऱ्या बिया मृग लागण्याआधी संपवायच्या, आणि पावसाळ्यासाठी नुसत्या धुऊन वाळवलेल्या, न भाजलेल्या, अळणी बिया ठेवायच्या. त्या लागतील तशा मूठभर काढून भाजायच्या आणि खायच्या वेळी तिखट-मीठ लावायचे. न भाजलेली बी तशीही जास्त टिकते; भाजल्यावर तिच्यातले तेल लवकर खवट होते, म्हणून भाजलेला घाणा दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढाच करावा. बरणीत भरताना बी पूर्ण थंड हवी. कोमट भरली तर झाकणाला आतून दव धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

टरबुजाच्या बियांचे गणित जरा वेगळे आहे. नदीच्या रेतीतल्या वाड्यांमधले टरबूज असो की आता ठिबकावर पिकवलेले, काळ्या बीचे टरफल कोहळ्याच्या बीपेक्षा पुष्कळ कठीण आणि दाट असते, आणि आतला गर चपटा, पातळ. दहा मिनिटांच्या उकळीने त्यात मीठ जात नाही. वीस मिनिटे उकळून रात्रभर त्याच पाण्यात ठेवावे लागते, आणि तरी खारटपणा मुख्यतः टरफलावरच राहतो. ते टरफल चावून खाण्यासारखे नसल्यामुळे टरबुजाची बी समोरच्या दातांनी फोडून, खारटपणा चोखून, गर काढून घ्यायची. वाळवण एका दिवसाचे, भाजणे मंद आचेवर दहाच मिनिटांचे, कारण पातळ गर लवकर करपतो, आणि काळ्या टरफलावर रंग कळत नाही म्हणून मधूनमधून बी फोडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. फोडीत दिसणाऱ्या पांढऱ्या, मऊ बिया भाजायला घेऊ नयेत. त्या पिकलेल्याच नसतात आणि कढईत नुसत्या आक्रसतात. खरे सांगायचे तर टरबुजाच्या बिया भाजण्यापेक्षा सोलून त्यांचा मगज करणेच मला जास्त फायद्याचे वाटते.

कोहळ्याची बी मात्र नीट वाळवून भाजली असेल तर टरफलासकट खाता येते, आणि मला ती तशीच आवडते. लहान मुलांना तशी देत नाही. मुले भराभर चावतात, अर्धवट गिळतात, आणि टरफलांचा गोळा पोटात खाली साचून शौचाला अडकल्याचे प्रकार डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. मुलांसाठी मोठीआई बिया सोलून देते आणि सोबत पाणी प्यायला लावते. दुकानात मिळणाऱ्या हिरव्या, टरफल नसलेल्या बियांना हे लागू नाही. त्यांना ना भिजवणे लागते ना वाळवण, मंद कढईत पाचेक मिनिटांत त्या फुगतात आणि तडतडायला लागल्या की उतरवायच्या. पेरणीच्या पाकिटातून उरलेल्या बिया मात्र कितीही टपोऱ्या दिसल्या तरी कढईत टाकू नयेत. त्यांच्यावर गुलाबी किंवा निळा रंग असतो, त्या रंगासोबत बुरशीनाशक चोळलेले असते, आणि ते धुऊन किंवा भाजून निघून जाईल असे मानता येत नाही.